टॅरोतल्या राशी: काम अडलंय हे कळतं, कशात अडलंय हे कसं वाचायचं?

प्रश्न: ताई, मी दीड वर्ष टॅरो शिकतेय. कार्डांचे अर्थ पाठ आहेत, पण सांगताना सगळं मोघम होतं. ‘उशीर आहे’, ‘वाद आहे’, यापुढे जाता येत नाही. प्रत्येक कार्डाला रास आणि ग्रह असतात असं वाचलं. परिस्थिती नेमकी कशा प्रकारची आहे हे सांगायला त्यांचा उपयोग कसा करायचा? घरी बाबा पत्रिका बघतात, त्यामुळे राशी-ग्रह मला माहीत आहेत. तेच ज्ञान इथे चालेल का?

उत्तर: चालेल, पण थोडं बाजूला ठेवून. ते का, ते पुढे सांगते. आधी तुमच्या मुख्य अडचणीकडे येते. तपशील हवा असेल तर मेजर कार्डांपेक्षा मायनरची दोन ते दहा ही कार्डं जास्त बोलतात. मेजरला एकच गोष्ट जोडलेली असते: एखादी रास, एखादा ग्रह किंवा एखादं तत्त्व. एम्पररला मेष, हर्मिटला कन्या, टॉवरला मंगळ. दोन ते दहाच्या प्रत्येक कार्डाला मात्र रासही असते आणि ग्रहही. चार सूट, प्रत्येकी नऊ कार्डं, म्हणजे छत्तीस. बारा राशींचे दहा-दहा अंशांचे तीन भाग केले की तेही छत्तीसच. १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या मंडळाने हे दोन्ही छत्तीस एकमेकांवर बसवले. १९०९ साली आलेला रायडरचा डेक, जो आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो, तो याच परंपरेतला आहे. एक्क्यांना असा भाग नाही, ती शुद्ध तत्त्वं. कोर्ट कार्डांचा हिशेब वेगळा आहे आणि त्यावर मतभेदही आहेत, त्यामुळे सुरुवातीला ती यात आणू नका.

कोष्टक पाठ करायची गरज नाही, ते बोटांवर निघतं. सूटवरून तत्त्व कळतं: वाँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. आकड्यावरून राशीचा स्वभाव कळतो: दोन, तीन, चार म्हणजे चर रास, पाच, सहा, सात म्हणजे स्थिर, आठ, नऊ, दहा म्हणजे द्विस्वभाव. पृथ्वीतत्त्वाची स्थिर रास कोणती? वृषभ. म्हणजे पाच, सहा आणि सात ऑफ पेंटॅकल्स वृषभेची. वायूची स्थिर रास कुंभ, म्हणून स्वोर्ड्सचे पाच, सहा, सात कुंभेचे. तुम्हाला घरचीच ओळख असल्यामुळे हे दोन मिनिटांत जमेल.

ग्रहांसाठी पंचांगातलं होऱ्यांचं पान आठवा. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि पुन्हा शनी. तोच क्रम इथे आहे. मेषेच्या पहिल्या भागाला मंगळ देऊन सुरुवात करायची आणि राशीचक्रावरून पुढे जात राहायचं. मेषेला मंगळ, रवी, शुक्र. वृषभेला बुध, चंद्र, शनी. मिथुनेला गुरू, मंगळ, रवी. असं करत मीनेपर्यंत. छत्तीसला सातने भागलं की एक उरतो, म्हणून मीनेचा शेवटचा भागही मंगळाचाच येतो आणि मेषेचा पहिलाही. तुमची मोजणी बरोबर आहे की नाही हे तपासायला ही खूण चांगली. टेन ऑफ कप्सला मंगळ आला नाही, तर मध्ये कुठेतरी चूक झाली.

आता बाबांच्या ज्ञानाबद्दल. पत्रिकेतही राशीचे तीन द्रेष्काण असतात, पण पाराशरी पद्धतीत पहिला द्रेष्काण त्याच राशीच्या स्वामीचा, दुसरा तिथून पाचव्या राशीच्या स्वामीचा आणि तिसरा नवव्याच्या स्वामीचा. मेषेला मंगळ, रवी, गुरू येतात. पहिले दोन टॅरोशी जुळतात आणि तिथेच फसगत होते. माणूस म्हणतो, जुळतंय की, आणि फोर ऑफ वाँड्सला गुरू देऊन मोकळा होतो. तिथे शुक्र आहे. दुसरं म्हणजे टॅरोच्या राशी सायन आहेत, रवी मेषेत २१ मार्चच्या सुमारास जातो. आपल्या पंचांगाच्या निरयन राशी, तिथे तो १४ एप्रिलच्या सुमारास जातो. म्हणून कार्डाच्या राशीवरून आलेल्या माणसाची जन्मरास शोधू नका आणि पत्रिकेतला शनी कुठे आहे ते बघून कार्डातला शनी वाचू नका. ग्रह-राशींचे स्वभाव मात्र खुशाल घरचे वापरा. शनी इथेही सावकाशच चालतो.

आता एक रिडिंग सविस्तर सांगते, त्यातून पद्धत कळेल. ज्यांचं आहे त्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कोथरूडमधल्या एक काकू, वय पासष्टच्या पुढे, जुन्या चार मजली बिल्डिंगमध्ये राहतात. लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटचं घोडं तीन वर्षं अडलेलं. त्यांचा प्रश्न साधा होता, “हे कशामुळे थांबलंय, तेवढं सांग. होणार की नाही ते नंतर बघू.” असा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण तो परिस्थितीच्या स्वभावाबद्दल असतो. तीन कार्डं काढली: थांबण्याचं मूळ, सध्या काय चाललंय, आणि हलायला वाव कुठून. आली ती सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स आणि टू ऑफ वाँड्स.

राशींकडे जायच्या आधी कार्डांचा साधा अर्थ एका वाक्यात मांडायचा, हे मी कधीच चुकवत नाही. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समध्ये एक माणूस काठीवर हनुवटी टेकून झाडाकडे बघत उभा आहे. सहा नाणी झाडाला, एक पायाशी. कष्ट झालेत, पीक हातात नाही. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्समध्ये एकाने तलवारी गोळा केल्यात आणि दोघं पाठ फिरवून चालू लागलेत. जिंकणारा एकटा पडलाय. टू ऑफ वाँड्समध्ये गढीच्या कठड्याशी एक जण हातात पृथ्वीचा गोल घेऊन दूर समुद्राकडे बघतोय. विचार झालाय, पाऊल पडायचंय. एवढ्यावर थांबलं तर सांगणं होतं ते असं: उशीर आहे, भांडण आहे, पण पुढे काहीतरी सुरू होईल. तुम्ही म्हणता ते मोघम सांगणं हेच. काकूंना यातलं काहीच नवीन नव्हतं.

मग मी सगळ्यात आधी फक्त आकडे बघते. सात आणि पाच, दोन्ही स्थिर. दोन चर. म्हणजे मुळातही अडून बसणं आणि आत्ताच्या घडीलाही अडून बसणं. हा फरक फार उपयोगाचा आहे. द्विस्वभावाची कार्डं असती, समजा एट ऑफ पेंटॅकल्स आणि टेन ऑफ स्वोर्ड्स, तर मी म्हटलं असतं की लोक मत बदलतायत, आज हो उद्या नाही, कागद पुन्हा पुन्हा होतायत. स्थिर राशीत तसं नसतं. तिथे मत ठरलेलं असतं आणि कुणी ते सोडत नाही. म्हणून पहिलं वाक्य मी सांगितलं, “काकू, तुमच्याकडे गोंधळ नाहीये. कोण कुठल्या बाजूला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते बरेच दिवस बदललेलं नाही.” त्या म्हणाल्या, “तीन वर्षांत एक माणूस हललेला नाही.”

दुसरी पायरी रास. वृषभ म्हणजे जमीन, घर, ठेव, जे आपलं आहे ते. कुंभ म्हणजे समूह: मंडळ, सोसायटी, चार लोकांनी मिळून करायची गोष्ट. मुळाशी मालमत्ता आणि वर चाललेलं सगळं समूहातलं. सोसायटीच्या प्रश्नाला हे इतकं सहज बसतं की त्यावर फार भाळू नये. रास बहुतेक वेळा ‘कुठे’ सांगते, आणि ते ‘कुठे’ आलेल्या माणसाने आधीच सांगितलेलं असतं.

खरा तपशील ग्रहात सापडतो, कारण ग्रह ‘कसं’ सांगतो. वृषभेचा तिसरा भाग शनीचा. घराच्या प्रश्नात शनी म्हणजे म्हातारी माणसं, जुनी वस्तू, गमावण्याची भीती आणि वेळ. लोभ असता तर मला इथे दुसरा ग्रह दिसायला हवा होता. शनी जास्त मागत नाही, आहे ते जाईल म्हणून धरून बसतो. म्हणजे जादा कार्पेटसाठी अडवणारे हे लोक नसावेत, निघाल्यावर परत येऊ की नाही या भीतीने अडलेले असावेत. कुंभेचा पहिला भाग शुक्राचा. भांडणाच्या कार्डात शुक्र! इथे नवशिके अडखळतात, त्यांना वाटतं शुक्र आहे म्हणजे भांडण गोडीत मिटेल. तसं नाही. कार्ड पराभवाचंच आहे. शुक्र एवढंच सांगतो की पराभव कशाचा झालाय. मंगळ असता तर हमरीतुमरी, बुध असता तर कागदपत्रांचा घोळ. शुक्र म्हणजे मान, जिव्हाळा, शेजारधर्म, चारचौघांत ठेवायची रीत. इथे दुखावलं गेलंय ते हे.

हे मी काकूंना प्रश्न म्हणून विचारलं, “पैशावरून नव्हे, पण मीटिंगमध्ये कुणा वयस्कर माणसाचा मान गेला असं काही झालंय का?” त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सांगितलं. सभा गच्चीवर भरायची. तळमजल्यावरचे एक आजोबा काठी टेकत, मध्ये थांबत वर आले, आणि आर्किटेक्टच्या नकाशावर त्यांनी विचारलं, “यात आमचं घर कुठंय?” त्यावर एक तरुण सभासद म्हणाला, “आजोबा, तुम्ही वर आलात हेच पुष्कळ झालं.” सगळे हसले. आजोबा खाली गेले ते पुन्हा सभेला आले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर आणखी चार घरं. कागदोपत्री त्यांचा आक्षेप करारातल्या एका कलमावर होता. कलम दोनदा बदललं तरी सही होत नव्हती.

आता या रिडिंगमधली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दोन कार्डं शेजारी आली की कोण कुणाच्या घरात आहे ते बघायचं. शनी वृषभेत, आणि वृषभेचा स्वामी शुक्र. शुक्र कुंभेत, आणि कुंभेचा स्वामी शनी. पत्रिकेत आपण याला परिवर्तन म्हणतो. टॅरोत मी ते असं वाचते: या दोन गोष्टींच्या किल्ल्या एकमेकींच्या घरात आहेत. घराबद्दलची भीती करारातली कलमं बदलून जाणार नाही, तिची किल्ली मान ठेवण्यात आहे. आणि दुखावलेला मान नुसती माफी मागून भरणार नाही, त्याची किल्ली नकाशावर ‘आमचं घर कुठंय’ याचं उत्तर मिळण्यात आहे. पाराशरी द्रेष्काण लावला असता तर कुंभेच्या पहिल्या भागाला शनी आला असता आणि हे सगळं नाहीसं झालं असतं. दोन पद्धती मिसळू नका म्हणते ते म्हणूनच.

तिसरं कार्ड, टू ऑफ वाँड्स. मेषेचा पहिला भाग, मंगळाचा, म्हणजे मंगळ स्वगृही. आधीचे दोघे एकमेकांच्या घरात बसलेत आणि हा एकटा स्वतःच्या घरात. कुणाच्या परवानगीवर त्याचं काही अडत नाही. म्हणून हलायला वाव आहे तो सोसायटीच्या ठरावातून नाही. कुणीतरी एकाने, स्वतःच्या अधिकारात, चट्कन करायच्या कामातून. पण आकडा दोन आहे आणि रास चर, त्यामुळे ही फक्त सुरुवात. शेवट कसा होईल हे या कार्डात नाही आणि मी ते सांगितलंही नाही. काकू म्हणाल्या, “फ्लॅट माझ्या नावावर आहे, मी पत्र लिहू शकते.” त्यांनी सभासद म्हणून एक पत्र दिलं: पुढची सभा गच्चीवर नको, खाली पार्किंगमध्ये घ्या आणि आर्किटेक्टने प्रत्येकाचं घर नकाशावर बोट ठेवून दाखवावं. सभा खाली झाली. आजोबा खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत बसले. सह्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत, पण बोलणं सुरू आहे.

आता चुकतं कुठे ते सांगते, कारण मी स्वतः एक चूक करून बसलेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाला थ्री ऑफ स्वोर्ड्स आलं. हृदयात तीन तलवारी, मागे पाऊस. तुळेचा मधला भाग, शनीचा, आणि तुळेत शनी उच्चीचा! मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, न्याय होईल, सगळं ठीक होईल. तो हायसं वाटून गेला. पंधरा दिवसांत त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. नंतर भेटला तेव्हा म्हणाला की दोन्ही घरं एकत्र बसली, देणं-घेणं परत झालं, कुणी कुणाला वाईट बोललं नाही. तेव्हा मला कळलं की कार्डातला शनी खरोखरच उच्चीचा होता. तो तोडणार होताच. फक्त नीट, रीतसर आणि कायमचं तोडणार होता. उच्च-नीच यावरून कार्ड चांगलं की वाईट हे ठरत नाही. ग्रहाला आपलं काम किती मोकळेपणाने करता येतंय, एवढंच त्यावरून कळतं. नाईन ऑफ पेंटॅकल्स बघा. कन्येत शुक्र, म्हणजे नीचीचा, तरी कार्ड सुबत्तेचं. पण त्या बागेत ती बाई एकटी आहे, हातावर एक पक्षी, दुसरं माणूस नाही. सुख आहे, ते निवडून-पारखून घेतलेलं आहे, आणि त्यात सोबत नाही. नीच शुक्राने कार्ड बिघडवलं नाही, त्याचा पोत सांगितला.

त्यामुळे माझा नियम असा की कार्डाचा अर्थ हे नाम, आणि रास-ग्रह हे विशेषण. विशेषणाने नाम उलटं होत असेल तर विशेषण चुकीचं लावलंय.

दुसरी चूक ओळखायला जरा कठीण. ग्रहांचे अर्थ इतके पसरट असतात की काहीही कशालाही बसवता येतं. त्यासाठी मी एक पडताळा घेते. जे वाक्य सांगणार असेन ते मनात शेजारच्या कार्डाच्या ग्रहाने बदलून बघते. काकूंच्या बाबतीत शनीच्या जागी चंद्र घातला, म्हणजे सिक्स ऑफ पेंटॅकल्स आलं असतं तर मी काय म्हटलं असतं? वृषभेतला चंद्र, सांभाळणं, घेणं-देणं, कुणीतरी कुणालातरी पोसतंय. ‘म्हाताऱ्या माणसांना हातातलं जाण्याची भीती आहे’ हे वाक्य तिथे बसत नाही. म्हणजे ते शनीचंच वाक्य आहे, सांगायला हरकत नाही. तेच मी ‘घराबद्दल भावना गुंतल्यात’ म्हटलं असतं, तर ते शनीला, चंद्राला, बुधालाही चाललं असतं. असं वाक्य आलं की मी ते गिळते.

आणि सांगताना नेहमी प्रश्न म्हणून सांगा, होकार-नकार देता येईल इतक्या नेमक्या शब्दांत. समोरचा नाही म्हणाला तर त्याला पटवत बसू नका. ग्रह सोडून द्या, राशीच्या स्वभावापर्यंत मागे या. चर-स्थिर-द्विस्वभाव ही पायरी माझ्या अनुभवात सगळ्यात कमी फसते, ग्रहाची सगळ्यात जास्त.

तारखांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हे शिकलात की कुणीतरी विचारेलच. प्रत्येक भागातून रवी साधारण दहा दिवसांत जातो, त्यामुळे सेव्हन ऑफ पेंटॅकल्सला ११ ते २० मे आणि टू ऑफ वाँड्सला २१ ते ३० मार्च अशा तारखा दिलेल्या सापडतील. मी त्यावरून काम कधी होईल हे सांगत नाही. काकूंनाही सांगितलं नाही.

सरावाला एक महिनाभर फक्त पेंटॅकल्स आणि स्वोर्ड्सची दोन ते दहा एवढीच कार्डं वेगळी काढा. रोज एक ओढा, आधी कार्डाचा अर्थ एका ओळीत लिहा, खाली राशीचा स्वभाव, त्याखाली ग्रह, आणि मग तीन ओळींचं एक वाक्य करा. बाबांना ते वाक्य वाचून दाखवा आणि कुठला ग्रह असेल ते ओळखायला सांगा. त्यांना ओळखता आलं, तर तुमचं विशेषण नेमकं पडलंय.